लॉटरीच्या विक्रीपैकी बक्षिसांत किती परत येतं? एका तिकिटामागे सरासरी तोटा किती?

प्रश्न : सांगली स्टँडजवळ दर आठवड्याला ५० रुपयांचं तिकीट घेतो. स्टॉलवाला म्हणतो, बरेच पैसे बक्षिसांतून परत येतात. हे कसं तपासायचं?

उत्तर : योजनेचा बक्षीस-तक्ता आणि एकूण तिकिटांची संख्या, एवढं हातात असलं की पुरे. प्रत्येक बक्षिसाची रक्कम गुणिले तेवढी बक्षिसं, सगळ्यांची बेरीज आणि भागिले एकूण तिकिटं.

घोळ होतो तो शेवटच्या चार अंकांच्या बक्षिसांत. तक्त्यात ‘१० नंबर, ५,००० रुपये’ दिसतं. लोक १० बक्षिसं धरतात. पण तिकिटं ५ लाख असतील तर शेवटचे तेच चार अंक ५० तिकिटांवर येतात. म्हणजे बक्षिसं ५००.

समजण्यासाठी एक काल्पनिक सोडत घ्या : ५० रुपयांची ५ लाख तिकिटं, म्हणजे पूर्ण विक्री अडीच कोटी. पहिलं बक्षीस २५ लाखांचं एक. एक लाखाची पाच, म्हणजे ५ लाख. ५,००० रुपयांची ५०० बक्षिसं, २५ लाख. २०० रुपयांचे १०० नंबर, म्हणजे ५,००० बक्षिसं, १० लाख. १०० रुपयांचे ५०० नंबर, म्हणजे २५,००० बक्षिसं, २५ लाख. एकूण ९० लाख, विक्रीच्या ३६ टक्के. तिकिटामागे सरासरी १८ रुपये परत, ३२ रुपये तोटा. दर आठवड्याला एक धरलं तर वर्षाला १,६६४ रुपये.

त्या १८ मधले ५ रुपये एकट्या पहिल्या बक्षिसाचे आहेत. ते लागलं नाही तर तुमच्यासाठी सरासरी १३ रुपयेच. बंपरमध्ये हाच भाग फुगतो : टक्केवारी छान दिसते, पण पैसा एकाच तिकिटात अडकलेला असतो. इथे साधारण १६ तिकिटांत एकदा काहीतरी लागतं, म्हणून ‘लागतंय की’ असं वाटत राहतं. पण ते बहुतेक वेळा १०० रुपये असतात आणि तोवर ८०० गेलेले असतात.

१०,००० रुपयांवरच्या बक्षिसातून ३० टक्के टीडीएस कापला जातो. तो धरला की सरासरी १६ रुपये २० पैशांवर येते.

उरलेले ३२ कुठे जातात? २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे. तिकिटाच्या किमतीतच तो धरला तर ५० मधले सुमारे १४ रुपये २९ पैसे तिथेच जातात. बाकीच्यात कमिशन, छपाई आणि सरकारचा वाटा.

न विकलेल्या तिकिटांचं मात्र बघा. सोडत सगळ्या नंबरांतून होत असेल तर विक्री कमी झाली तरी तुमची सरासरी १८ च राहते. न खपलेल्या तिकिटावर लागलेलं बक्षीस कुणालाच मिळत नाही. पहिलं बक्षीस विकलेल्या तिकिटांतूनच द्यायचा नियम असेल आणि ३ लाखच खपली असतील, तर सरासरी सुमारे २१ रुपये ३३ पैसे होते. हा नियम योजनेत छापलेला आहे का, ते तिकीट घेण्याआधी वाचा. एकाच नंबरची सगळ्या सिरीजची तिकिटं घेतली तरी सरासरी बदलत नाही, फक्त लागलं तर एकदम लागतं.