पाकीट वेळेत पोहोचले, पण पेटीत पडले नाही

प्रश्न : एका सरकारी कार्यालयाच्या इमारत दुरुस्तीची सीलबंद निविदा मी 10 तारखेला स्पीड पोस्टाने पाठवली. मुदत 14 तारखेला दुपारी 3 पर्यंत होती. ट्रॅकिंगमध्ये 14 तारीख, 1.10, 'Item Delivered' असे दिसते. कार्यालय म्हणते, निविदा 15 तारखेला मिळाली, टपालाच्या विलंबाला आम्ही जबाबदार नाही. पाकीट न उघडता परत आले. अनुभव, नोंदणी, उलाढाल या सगळ्या अटी मी पूर्ण करतो, दरही सर्वांत कमी होता. अडीच महिने खेटे घालतो आहे. आता काम दुसऱ्याला दिले आहे. कोर्टात जाता येईल का?

उत्तर : तुमची पात्रता आणि तुमचा दर सध्या बाजूला ठेवू. न उघडलेल्या पाकिटातला कमी दर कोणी पाहिलेला नाही, आणि पाहिला असता तरी सर्वांत कमी दरवाल्याला काम मिळण्याचा हक्क आपोआप येत नाही. तुमचे सगळे प्रकरण निविदा सूचनेतल्या एका वाक्यावर उभे आहे. ते वाक्य तुम्ही मला कळवलेलेच नाही. तारीख कळवली, वेळ कळवली, पण निविदा कुठे पोहोचायला हवी होती ते कळवले नाही. माझ्याकडे येणारे निम्मे ठेकेदार सूचनेतली रक्कम आणि शेवटची तारीख वाचतात आणि उरलेले पान काम हातचे गेल्यावर वाचतात.

अशा सूचनांत साधारणपणे असे लिहिलेले असते : 'सीलबंद निविदा दुपारी 3.00 वाजेपर्यंत या कार्यालयात स्वीकारल्या जातील व शक्य झाल्यास त्याच दिवशी 4.00 वाजता उघडण्यात येतील. टपालातील विलंबास हे कार्यालय जबाबदार राहणार नाही.' तुमच्या सूचनेतही 'या कार्यालयात' असेच शब्द असतील, तर बाजू तुमची आहे. टपालाचा विलंब म्हणजे पाकीट टपाल खात्याच्या ताब्यात असेपर्यंतचा विलंब. तो ताबा 1.10 ला संपला. त्यानंतर पाकीट आवक-जावक विभागातून निविदा शाखेत जायला दुसरा दिवस उजाडला असेल, तर तो कार्यालयाच्या आतला विलंब झाला. त्याला हे कलम लागू पडत नाही.

पण सूचनेत 'निविदा पेटीत टाकाव्यात' असे असेल, किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या कक्षात द्याव्यात असे असेल, तर तुमचे 1.10 फारसे उपयोगाचे नाही. स्पीड पोस्टाने पाठवायची मुभा दिली होती, म्हणजे पोस्ट त्यांचे प्रतिनिधी, 10 तारखेलाच निविदा दिली असे समजा, हा युक्तिवाद तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल. त्यासाठी ओगले काच कारखान्याचा 1954 चा निकालही दाखवतील. तो निकाल प्राप्तिकराचा होता आणि मागणीवरून टपालाने पाठवलेल्या चेकविषयी होता. निविदा हा प्रस्ताव आहे. करार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे प्रस्ताव समोरच्याला कळतो तेव्हाच त्याचे कळवणे पूर्ण होते, टपालपेटीत टाकल्यावर पूर्ण होते ती स्वीकृती, आणि तीही फक्त प्रस्ताव देणाऱ्यापुरती. त्यातून सूचनेतच विलंबाची जबाबदारी नाकारली असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

शब्द दोन्हीकडे ओढता येण्यासारखे निघाले तर मी हमी देत नाही. निविदेच्या अटींचा अर्थ ती काढणाऱ्यालाच चांगला कळतो, तो अर्थ विपरीत किंवा दुष्ट हेतूचा असल्याशिवाय न्यायालयाने बदलू नये, असे नागपूर मेट्रोच्या निविदेवरून झालेल्या ॲफकॉन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये म्हटले आहे. सरकारी वकील पहिल्या पाच मिनिटांत तेच वाचून दाखवतील.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा. पाकिटावर निविदा सूचना क्रमांक आणि कामाचे नाव लिहिले होते का? सूचनेत तशी अट बहुतेक असतेच. ते लिहिले नसेल तर आवक लिपिकाला तुमचे पाकीट आणि वीजबिल यांत फरक कळायचे कारण नाही. मी एका प्रकरणात पाहिले आहे : लाखेची मोहोर लावलेला लिफाफा लिपिकाने रोजच्या टपालाबरोबर कात्रीने कापला, वर 'आवक' शिक्का मारला आणि खाली स्टेपल मारून फाइलला लावला. लिफाफ्यावर फक्त पत्ता होता. त्या पक्षकारासाठी मी फार काही करू शकलो नाही.

परत आलेले पाकीट फोडू नका. त्याच्या मागच्या बाजूला वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचा शिक्का असू शकतो, आणि कार्यालयाचा आवक शिक्का, त्यावरची तारीख आणि वेळही. तोच तुमचा मुख्य पुरावा. ट्रॅकिंगच्या पानाची छपाई आजच काढा, टपाल कार्यालयाकडून वाटपाचा लेखी दाखला मागा. माहिती अधिकारात 14 आणि 15 तारखेच्या आवक नोंदवहीची पाने, निविदा उघडल्याचे इतिवृत्त आणि तुलनात्मक तक्ता मागा. उत्तराला 30 दिवस लागू शकतात. त्यांची वाट पाहत बसू नका, कारण खरी अडचण पुढे आहे.

अडीच महिने. खेट्यांना कोर्टात किंमत नसते, लेखी हरकत दिली असती तर होती. 1979 चा रमण दयाराम शेट्टी खटला बघा. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाची निविदा होती, पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती आणि ती न पाळणाऱ्याची निविदा प्राधिकरणाने स्वीकारली. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवले. तरीही शेट्टींना दिलासा मिळाला नाही. इतर कारणांबरोबर एक कारण असे, की ते निविदा स्वीकारल्यावर पाच महिन्यांहून अधिक काळाने कोर्टात आले आणि तोवर यशस्वी निविदाकाराचा खर्च होऊन बसला होता. म्हणजे तत्त्व जिंकले आणि पक्षकार रिकाम्या हाताने परत गेला. तुमच्याऐवजी काम मिळालेल्या ठेकेदाराने परांची बांधून गिलावा उतरवायला घेतला असेल, तर तुमचेही तेच होईल.

म्हणून कोणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस पाठवून दोन महिने थांबा म्हणाले तर थांबू नका. ती नोटीस दिवाणी दाव्यासाठी असते. तुमचा मार्ग उच्च न्यायालयातली अनुच्छेद 226 ची रिट याचिका, आणि तिला अशी नोटीस लागत नाही. ज्याला काम मिळाले त्याला प्रतिवादी करा, नाहीतर पहिली तारीख त्यातच जाईल. याचिका दाखल झाली म्हणजे स्थगिती मिळाली असेही नव्हे. न्यायालय सुनावणीला कधी घेईल याचा भरवसा मला कधी देता आलेला नाही. कार्यारंभ आदेश निघून काम सुरू नसेल तर थोडी आशा आहे. निम्मे झाले असेल तर मी तुमची फी घेणार नाही.

राहिला बयाणा. निविदा फॉर्मची फी परत मिळत नाही, ती विसरा. बयाण्याचा डिमांड ड्राफ्ट मात्र त्याच बंद पाकिटात असणार, आणि ड्राफ्टची मुदत काढल्याच्या तारखेपासून तीन महिने असते. त्यासाठी पाकीट कापायचा मोह होईल. कापू नका. मुदत उलटली तरी ड्राफ्ट काढणाऱ्या बँकेकडून नव्याने वैध करून घेता येतो, फाटलेली लाख नव्याने चिकटवता येत नाही. पाकीट आहे तसे माझ्याकडे, किंवा तुमच्या वकिलांकडे, याच आठवड्यात घेऊन जा. सोबत निविदा सूचनेची सगळी पाने आणि नंतर निघालेली शुद्धिपत्रकेही न्या. मुदत किंवा ठिकाण त्यात बदललेले असेल तर वरचे सगळे उत्तर पुन्हा तपासावे लागेल.