मधुमेहींसाठी चालायचे बूट: आधी पाय मोजा, मग ब्रँड बघा

प्रश्न: बाबांना बरीच वर्षं शुगर आहे, हल्ली तळपाय बधिर वाटतात म्हणतात. रोज सकाळी फिरायला जातात. त्यांच्यासाठी बूट घेताना कुशन, शिलाई, रुंदी यात नेमकं काय बघायचं? यासाठी खास कंपन्या आहेत का?

तळपाय बधिर असतील तर दुकानात बाबांनी "छान बसतोय" म्हटलं तरी त्यावर विसंबू नका. बूट चावतोय हे त्यांना कळेलच असं नाही. उलट, संवेदना कमी झालेल्या माणसाला घट्ट बूटच बरा वाटतो, कारण तेवढाच पायाला जाणवतो. म्हणून मोजमाप आणि हाताने तपासणी तुम्हीच करायची.

सगळ्यात जास्त गफलत रुंदीत होते, तिथून सुरुवात करा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, बाबांना कोऱ्या कागदावर उभं करा आणि पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पायांची बाह्यरेखा काढा. बसलेल्या माणसाचा पाय काढू नका, वजन पडल्यावर तो पसरतो. हा कागद दुकानात न्या, बुटातला आतला सोल बाहेर काढा आणि रेखेवर ठेवा. पाय सोलच्या बाहेर जात असेल तर तो बूट परत द्या.

माझ्या आत्याचं उदाहरण सांगते. तिचा पाय २४ सेंटीमीटर लांब आणि बोटांच्या मुळाशी १०.२ सेंटीमीटर रुंद होता. सहा नंबरचा बूट लांबीला बरोबर होता, पण त्याचा सोल रुंदीला ९ च्या आसपास, म्हणजे करंगळीची बाजू सतत दाबली जाणार. म्हणून ती आठ नंबर वापरायची. त्यात रुंदी मिळायची, पण बूट वाकायची जागा पुढे सरकायची, टाच आत वरखाली व्हायची आणि टाचेला घासून फोड यायचा. तिला मोठा नव्हे, रुंद सहा नंबर हवा होता. तो घेतल्यावर टाच जागेवर बसली. लांबीसाठी खूण अशी: उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे एक ते दीड सेंटीमीटर जागा हवी. काहींचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, ते विसरू नका. दोन्ही पाय वेगळे निघाले तर मोठ्या पायाप्रमाणे घ्या. पुढचा भाग उंचही हवा, नाहीतर वाकड्या बोटांचे वरचे सांधे घासतात.

शिलाई डोळ्यांनी दिसत नाही. हातावर पातळ नायलॉनचा मोजा चढवा आणि बुटाच्या आत सगळीकडे फिरवा. बोटांच्या वरची बाजू, जिभेची कड आणि टाचेमागचा वरचा काठ नीट चाचपा. मोजा कुठे अडकला की तिथे गाठ किंवा टाका उचललेला आहे. अस्तर एकसंध आणि मऊ असावं.

कुशन म्हणजे जितकं मऊ तितकं चांगलं, असं नाही. अंगठ्याने जोरात दाबा. दबून हळूच परत वर यायला हवं. अंगठा थेट खालच्या टणक थराला टेकला तर वजनाखाली ते लवकरच चपटं होईल. फार लुसलुशीत असेल तर पाय डुगडुगतो, आणि बधिर पायाचा तोल आधीच कमी असतो. मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवा: बोटांच्या मुळाशी वाकायला हवा, मधोमध नाही.

ब्रँडचं म्हणाल तर न्यू बॅलन्सचे काही मॉडेल्स रुंदीच्या पर्यायांत मिळतात. पुरुषांत D नेहमीचा, 2E रुंद, 4E जास्त रुंद. डॉ. कम्फर्ट आणि ऑर्थोफीट या अमेरिकन कंपन्या खास अशा पायांसाठी बूट बनवतात, आत जास्त खोली ठेवून, म्हणजे वेगळा इनसोल घालता येतो. आपल्याकडे फूट क्लिनिकमध्ये मिळणारी एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची पादत्राणं बधिर पायांसाठी फार उपयोगी असतात. कुष्ठरोगामुळे संवेदना गेलेल्या पायांसाठी हे रबर आपल्या देशात आधीपासून वापरलं जातं. चप्पल घेतलीत तर मागे पट्टा असलेलीच घ्या, अंगठ्याची नको.

नवा बूट पहिल्या दिवशी घरातच तासभर घाला. मग काढून पाय बघा, तळवे आरशात. लाल खूण अर्ध्या तासात गेली नाही तर तिथे दाब पडतोय. रोज थोडा वेळ वाढवा. मोजे पांढरे किंवा फिकट घाला, रक्त-पू लगेच दिसतो. घालण्याआधी बूट उलटा करून झटकायची सवय लावा.

मात्र पायावर जखम असेल, बोटं किंवा पंजा वाकडा झाला असेल, किंवा एक पाय गरम आणि सुजलेला असेल (मग दुखत नसला तरी), तर बूट घ्यायला जाऊ नका. फिरणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वाकड्या पायाला तयार बूट सहसा पुरत नाही, माप देऊन बनवून घ्यावा लागतो.