जखमेच्या फोटोसाठी संमतीपत्रात नेमकं काय लिहावं?

प्रश्न: मी सर्जरी वॉर्डात इंटर्न आहे. जखमांचे फोटो वर्गात शिकवायला वापरायचे आहेत. आमच्या छापील फॉर्मात ‘फोटो काढण्यास माझी हरकत नाही’ एवढीच ओळ आहे. ती चालेल का? मराठीत मजकूर कसा लिहू? आणि पेशंट नाही म्हणाला तर काय करायचं?

उत्तर: नाही चालणार. त्या एका ओळीत तीन वेगवेगळ्या कामांवर एकच सही घेतली जाते. केसपेपरला लावलेला फोटो उपचारासाठी असतो, पुढच्या ड्रेसिंगला जखम भरतेय की पसरतेय हे त्यावरून कळतं. वर्गात दाखवलेल्या फोटोचा त्या पेशंटला काहीच फायदा नसतो, फायदा विद्यार्थ्यांचा. आणि छापलेला फोटो कुणाकुणाच्या हाती जाईल, हे तुमच्याही हातात राहत नाही. म्हणून तीन ओळी आणि प्रत्येकीपुढं स्वतंत्र हो किंवा नाही.

समजा, बीड जिल्ह्यातला पन्नाशीचा ऊसतोड कामगार आलाय. शुगर आहे, पायाला संवेदना कमी, अंगठ्याच्या मुळाशी तळपायाला ४ बाय ३ सेंमीची जखम. त्याच्यासाठी मी मजकूर असा लिहीन:

“तुमच्या पायाच्या जखमेचे फोटो काढायचे आहेत. फोटोत गुडघ्याखालचा पायच येईल. चेहरा, नाव, गाव येणार नाही. तरी जवळच्या माणसाला पाय ओळखू येऊ शकतो. फोटो दवाखान्याच्या कॅमेऱ्यावर काढू, कुणाच्या मोबाइलवर नाही.
१. फोटो माझ्या केसपेपरला लावावा: हो / नाही
२. डॉक्टरकीच्या आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वर्गात दाखवावा: हो / नाही
३. पुस्तकात किंवा मासिकात छापावा: हो / नाही
तिन्हींना नाही म्हटलं तरी चालतं. कारण सांगावं लागत नाही. नाही म्हटल्यानं तुमची खाट, औषधं, ड्रेसिंग, ऑपरेशन यांत काही फरक पडणार नाही. फोटोचे पैसे मिळणार नाहीत. आज हो म्हणून पुढं कधीही नाही म्हणता येईल. खालच्या फोन नंबरवर फोटोचा क्रमांक सांगा. त्यानंतर फोटो वर्गात दाखवणार नाही. छापून झालेला फोटो मात्र परत घेता येत नाही.”

खाली फोन नंबर, फोटोचा क्रमांक, तारीख, सही किंवा अंगठा, साक्षीदार, आणि समजावून सांगणाऱ्याचं नाव. एक प्रत पेशंटला द्यायचीच, नाहीतर तो नंबर त्याच्याजवळ राहणार कसा?

यातलं ‘जवळच्या माणसाला ओळखू येऊ शकतो’ हे वाक्य बरेच जण गाळतात आणि ‘ओळख पूर्ण गुप्त राहील’ असं छापतात. ते आश्वासन पाळता येत नाही. बायकांच्या पोटरीवरचं गोंदण, जोडवी, घोट्याचा काळा दोरा, जुन्या भाजल्याचा व्रण, यांवरून गावातला माणूस पाय लगेच ओळखतो. दोरा किंवा जोडवी काढायला लावू नका, हिरवं कापड त्यावरून घ्या. खाटेवरची नावाची पाटी, केसपेपरचा कोपरा फ्रेममध्ये नको. मोजपट्टी जखमेच्या कडेला, जखमेच्याच पातळीत ठेवा आणि पट्टीवर नावाऐवजी क्रमांक आणि तारीख लिहा. मोबाइल का नको, तर फोटो आपोआप क्लाउडवर चढतो, फाइलमध्ये जागेची नोंद राहते आणि संध्याकाळपर्यंत ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून ग्रुपवर पडतो. एकदा तिथं गेलेला फोटो परत येत नाही.

विचारायचं केव्हा, हेही तितकंच महत्त्वाचं. जखमेवरची पट्टी सोडवून, पेशंट कळवळत असताना फॉर्म पुढं केला तर तो कशावरही अंगठा देईल. ड्रेसिंगच्या आधी, शुद्धीत, शक्यतो बसलेला असताना विचारा. सोबत मुकादम आला असेल तर त्याला बाहेर चहाला पाठवा. उचल देणारा माणूस ‘दे की अंगठा’ म्हणाला, तर ती संमती मुकादमाची झाली. साक्षीदारही तो नको आणि तुमच्या युनिटचा माणूसही नको. घरचं कुणी किंवा शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक चालतील.

आपल्याकडं हमखास येणारं उत्तर म्हणजे “तुम्हीच बघा साहेब काय ते.” याला हो धरू नका. वाचून झाल्यावर विचारा: “काका, हा फोटो कुठं कुठं दिसंल, सांगा बरं तुमच्या शब्दांत?” “केसपेपरात” एवढंच उत्तर आलं तर दुसरी ओळ कळलेली नाही, पुन्हा समजावा. याच प्रश्नातून खरी अडचण बाहेर येते. आपला ऊसतोड कामगार म्हणेल, “पोरांना दाखवा, पण आमच्या गावची पोरगी इथंच नर्सिंगला आहे, तिच्यापुढं नको.” आता प्रत्येक वर्गात कोण बसलंय हे तुम्ही पाहणार आहात का? नसाल तर ती अट मान्य करून सही घेऊ नका. त्याला तसं स्पष्ट सांगा, आणि तरीही तो अडखळला तर दुसऱ्या ओळीपुढं ‘नाही’ लिहा.

पहिल्याच ओळीला नाही आलं तरी उपचाराचं काही अडत नाही. जखमेची जास्तीत जास्त लांबी, तिला काटकोनात रुंदी, निर्जंतुक काडीनं खोली मोजून लिहा. जखमेवर स्वच्छ पारदर्शक फिल्मचे दोन थर ठेवून वरच्या थरावर पेननं कडा गिरवा. खालचा थर टाकायचा, वरचा केसपेपरला. तळाचा रंग, पू, वास शब्दांत लिहा. नकाराचीही नोंद करा, पण ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असा शेरा मारू नका. पुढची सिस्टर तो शेरा वाचूनच पेशंटशी वागते.

कायद्याचं विचाराल तर, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत ७.१७ हे कलम आहे. पेशंटची ओळख पटेल असा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय छापू नये, आणि ओळख उघड होत नसेल तर संमतीची गरज नाही, असं ते म्हणतं. याच शेवटच्या भागाकडं बोट दाखवून सीनियर म्हणतील, “पायच तर आहे, कशाला फॉर्म?” माझं मत असं की ओळख पटते की नाही हे फोटो काढणाऱ्यानं एकट्यानं ठरवायचं नसतं. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणी, ठरावीक कामापुरती आणि विनाअट असावी, आणि ती देण्याइतकंच मागं घेणंही सोपं असावं असं आहे. अठरा वर्षांखालच्या पेशंटसाठी आई-वडिलांची किंवा पालकाची सही लागते. तरी पोराला समजण्याएवढं वय असेल तर त्यालाही विचारा, आणि तो नको म्हणाला तर फोटो काढू नका.

संमती त्या जखमेपुरती समजा. पुढं बोट काढावं लागलं, तर नव्या फोटोसाठी पुन्हा विचारा. पाय सुजलेला असताना हो म्हणणारा माणूस बोट गेल्यावर नाही म्हणू शकतो.

शेवटी रजिस्टर. क्रमांक, तारीख, तिन्ही ओळींची उत्तरं आणि फोटो कुठल्या स्लाइडमध्ये घातला, एवढे रकाने पुरेत. नाव आणि क्रमांक जोडणारी वही वेगळ्या कपाटात, कुलपात. ऊसतोडीचा हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर तो माणूस फोन करून “माझा फोटो काढून टाका” म्हणाला, तर स्लाइडचा रकाना भरलेला असेल तरच तुम्हाला तो काढता येईल. स्लाइडची फाइल विद्यार्थ्यांना वाटू नका, पडद्यावरच दाखवा. वाटलेल्या प्रती मागं घेता येत नाहीत, आणि वाटणारच असाल तर तेही संमतीपत्रात लिहावं लागेल.