पेढे घ्यायला जाशील तेव्हा

"आई, आजीच्या शेजारच्या काकूंची ताई एमपीएससी पास झाली. उद्या आजी मला त्यांच्याकडे नेणार आहे. मी नुसतं 'अभिनंदन' म्हणून गप्प बसू का? आणखी काय बोलतात?"

राजा,

जायच्या आधी आजीला एक गोष्ट नीट विचारून घे. ताई नेमकं काय पास झाली? सोसायटीत "एमपीएससी पास झाली" एवढंच फिरतं, पण राज्यसेवेचे टप्पे तीन: पूर्व, मुख्य आणि मुलाखत. पूर्व ही चाळणी परीक्षा असते. तिचे गुण पुढे कुठेच धरत नाहीत, त्यामुळे पूर्व निघालेल्या मुलीला "आता साहेब झालीस" म्हटलं तर ती कशीबशी हसते आणि आत जाऊन मुख्यच्या पुस्तकांकडे बघते. मुलाखत झाल्यावरसुद्धा आधी सर्वसाधारण गुणवत्ता यादी लागते. मग उमेदवार पदांचे पसंतीक्रम देतात आणि त्यानंतर शिफारस झालेल्यांची यादी येते. पहिल्या यादीत नाव असूनही पद न मिळणारी मुलं असतात. म्हणून या मुलांच्या बोलण्यात "पास झालो"पेक्षा "पोस्ट निघाली" हे जास्त ऐकू येतं. तिची पोस्ट निघाली असेल तर कोणती, तेही माहीत करून घे. नायब तहसीलदार झालेल्या मुलीला चौघांत "आमची कलेक्टर" म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना वाटतं आपण मान वाढवला. पण जिल्हाधिकारी हे आयएएसचं पद, तिथली वाट वेगळी, आणि मग बिचारीला सगळ्यांसमोर "नाही काका, नायब तहसीलदार" असं स्वतःच दुरुस्त करावं लागतं. तिच्या आनंदाच्या दिवशी ते कशाला?

समज, ताईची नायब तहसीलदार म्हणून शिफारस झाली आहे. दार बहुतेक काकूच उघडतील. आपल्याकडे अशा वेळी आधी आईवडिलांचं अभिनंदन करतात, आणि मला ते फार पटतं. तू म्हण, "काकू, खूप खूप अभिनंदन! आजीनं सांगितलं, ताई नायब तहसीलदार झाली. कष्टाचं चीज झालं." एवढं पुरे. "कष्टाचं" म्हण, "ताईच्या कष्टाचं" असं म्हणू नकोस. पहाटे उठून डबा करणाऱ्या आणि मुलीचा अभ्यास चालू म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवणाऱ्या काकूही मग त्यात आपोआप येतात.

यावर काकू म्हणतील, "तुमच्या सगळ्यांचे आशीर्वाद." किंवा "देवाची कृपा, दुसरं काय." हे असंच म्हणायची रीत आहे. तिथे "थँक्यू" म्हणायचं नाही आणि "हो ना" म्हणून मान तर अजिबात डोलवायची नाही! "आशीर्वाद आहेतच काकू, पण मेहनत तिचीच" असं म्हणालास की त्यांना बरं वाटेल आणि पुढचं बोलणं आजी सांभाळेल.

आजी काय बोलते ते ऐक, पण तसंच्या तसं उचलू नकोस. ती ताईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणेल, "नाव काढलंस गं पोरी! आईबापाचे पांग फेडलेस." हे वयानं मोठ्या माणसाच्याच तोंडी शोभतं. "शाब्बास", "अशीच मोठी हो" हेही तसंच. तुझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या ताईला तू "शाब्बास" म्हणालास तर सगळे हसतील, रागावणार कोणी नाही, पण तूच लाजशील. तुझ्यासाठी साधं वाक्य: "ताई, मनापासून अभिनंदन. भारी वाटलं ऐकून." "भारी" चालतं, तिलाही तेच आवडेल.

ताई आजीला वाकून नमस्कार करेल आणि पेढे पुढे करेल. आधी देवापुढे ठेवून मगच ते वाटतात, म्हणून "मी गोड खात नाही" हे त्या दिवशी गिळून टाक. पूर्ण नको असेल तर अर्धा घे, पण घे, आणि तिच्यासमोर तोंडात टाक.

यानंतर मोठी माणसं आपसात बोलायला लागतात आणि तू ताईसमोर बसून राहतोस. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. पगार किती, कितवा अटेम्प्ट, रँक कितवी, रुजू कधी होणार. यातलं शेवटचं सगळ्यात निरुपद्रवी वाटतं आणि तेच जास्त टोचतं. आयोग फक्त शिफारस करतो, नेमणूक शासन देतं, मध्ये कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी असते आणि त्यात महिनोन्महिने जाऊ शकतात. ते तिच्या हातात नसतं, तरी रोज दहा जण तिलाच विचारतात. अटेम्प्टचंही तसंच. गेल्या खेपेला थोडक्यात हुकलं असेल तर ती जखम अजून ओली असते.

त्यापेक्षा मुलाखतीबद्दल विचार. "ताई, मुलाखतीत काय काय विचारलं गं?" पोस्ट निघालेल्या मुलांना हे सांगायला मनापासून आवडतं. पॅनेल गावाबद्दल विचारतं, पदवीच्या विषयाबद्दल, अर्जात लिहिलेल्या छंदाबद्दल. कुणी छंद म्हणून "वाचन" लिहिलेलं असतं आणि शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं यावरच अडकतं. ताईकडे असा एखादा किस्सा नक्की असेल. तू फक्त ऐकत राहा.

दोन वाक्यं तुझ्या कानावर पडतील, ती तू कधीच बोलू नयेस अशी माझी इच्छा आहे. एक, "मुलगी असून करून दाखवलं." म्हणणाऱ्याला ते कौतुकच वाटतं, पण त्या "असून"मध्ये काय दडलंय ते ताईला बरोबर कळतं. दुसरं, "आता लग्नाचं बघायला हरकत नाही." हे निकालाच्याच दिवशी, पेढा तोंडात असताना म्हणतात. आजीसुद्धा म्हणेल कदाचित. तिला तिथे टोकू नकोस, फक्त हसण्यात सामील होऊ नकोस.

आणि हो, त्याच मजल्यावर एखादा दादा तीन-चार वर्षं अभ्यासिकेत बसतोय का, तेही आजीला विचारून ठेव. तो तिथे आला तर ताईचं कौतुक करताना त्याच्याकडे बघून "आता तुझा नंबर" असं म्हणायचं नाही. सगळे म्हणतात. तू त्याला क्रिकेटचं काहीतरी विचार.

ताई घरी नसेल, गावाकडे सत्काराला गेली असेल, तर काकूंकडून नंबर घेऊन मेसेज टाक. फुलांची चित्रं आणि फॉरवर्ड नको. "ताई, आत्ताच काकूंकडे पेढा खाल्ला. नायब तहसीलदार झाल्याबद्दल खूप अभिनंदन. आलीस की मुलाखतीचे किस्से ऐकायचेत." पदाचं नाव असलं की मेसेज तिच्यासाठीच लिहिलेला वाटतो.

आजी निघताना पाकीट देईल, बहुतेक एकशे एक किंवा पाचशे एकाचं, वरचा एक रुपया हवाच. तुझ्या हातात दिलं तर ते काकूंना नाही, ताईला द्यायचं. ती "कशाला, कशाला" म्हणत हात मागे घेईल. तेव्हा "आजीनं दिलंय, घे" एवढंच म्हण, ती घेईल.

तुझी,
आई