बीओक्यू तपासताना एकक, वर्णन आणि सुटलेल्या बाबी कशा पकडायच्या?

टेंडर भरायचंय, बीओक्यू म्हणजे कामातल्या बाबी आणि त्यांच्या परिमाणांची यादी हातात आहे. संदिग्ध वर्णन, सुटलेली बाब, चुकलेलं एकक हे नेमकं कसं शोधायचं?

एकच बाब घ्या आणि ड्रॉइंगवरून स्वतः मोजा. समजा, "150 मिमी जाडीचा आरसीसी स्लॅब, 840 घनमीटर" असं लिहिलंय. ड्रॉइंगमध्ये स्लॅब 30 मीटर बाय 28 मीटर, म्हणजे 840 चौरस मीटर. याला 0.15 ने गुणलं की 126 घनमीटर येतात. म्हणजे आकडा क्षेत्रफळाचा आणि एकक घनमीटरचं. घनमीटरचा दर तसाच लावला तर रक्कम जवळजवळ पावणेसात पट होते.

आता त्याच बाबीचं वर्णन पुन्हा वाचा. सेंट्रिंग-शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा, दरात धरलंय का? वर्णनात उल्लेख नाही, तर पुढे स्वतंत्र बाब शोधा. सपाट स्लॅब असेल तर तळाचे 840 आणि कडांचे सुमारे 17 चौरस मीटर दिसायला हवेत. तेही नसेल तर बाब सुटली आहे किंवा बीओक्यूच्या प्रस्तावनेतल्या कलमाने ती दरात ढकलली आहे. ती प्रस्तावना बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि वाद तिथूनच सुरू होतो. लोखंडाचंही तसंच बघा: घनमीटरला ढोबळ 80 ते 100 किलो धरले तर 10 ते 12.6 टन लागेल. बीओक्यूत 1.2 टन असेल तर दशांश चिन्ह सरकलंय.

चूक सापडली तरी आकडा स्वतः बदलू नका. मुदतीत लेखी विचारा, बाब क्रमांक आणि ड्रॉइंग क्रमांक देऊन.