दहा पैशांची चूक कुठे उघडी पडते? स्पॉट आणि फॉरवर्ड दरांविषयी वाचकांचे प्रश्न

सरकारी रोख्यांच्या भावांतून दर काढण्याबद्दल आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. सगळ्या उत्तरांना एकच उदाहरण वापरलं आहे. त्यातले भाव बाजारातले नाहीत. हिशेब कॅल्क्युलेटरवर पडताळता यावा म्हणून मी ते घेतले आहेत, आणि आज कूपनचा, म्हणजे रोख्याचं सहामाही व्याज मिळण्याचाच दिवस आहे असं धरलं आहे.

सरकारी रोख्यांचे व्यवहार होतात त्या एनडीएस-ओएमच्या पडद्यावर प्रत्येक रोख्याचा वायटीएम दिसतोच. मग स्पॉट रेट वेगळा काढायचा खटाटोप कशाला?

कारण वायटीएम, म्हणजे रोखा मुदतीपर्यंत ठेवल्यास पडणारा एकच सरासरी दर, त्या एका रोख्यापुरता असतो. माझ्या उदाहरणातला दोन वर्षांचा रोखा १००.९० ला मिळतो आणि त्याचा वायटीएम ६.०२ टक्के येतो. म्हणजे सहा महिन्यांनी हातात येणारं कूपनही आपण ६.०२ टक्क्यांनीच आजच्या किमतीत आणतो. पण सहा महिन्यांची टी-बिल, म्हणजे सरकारचं अल्प मुदतीचं कर्ज, बाजारात ५.५५ टक्के देत असेल, तर त्या कूपनला वेगळा दर का लावायचा? त्याच तारखेला मिळणारा तोच रुपया, मग तो कुठल्या रोख्यातून आला याला महत्त्व नाही.

स्पॉट रेट हा त्या तारखेचा दर असतो, रोख्याचा नव्हे. एकाच मुदतीच्या, पण मोठ्या आणि छोट्या कूपनच्या दोन रोख्यांचे वायटीएम वेगळे दिसले की नवशिक्यांना एक स्वस्त आणि एक महाग वाटतो. पुष्कळदा दोघांचेही भाव बरोबर असतात. मोठ्या कूपनवाल्याचे पैसे आधी परत येतात, म्हणून त्याच्या सरासरीत जवळच्या तारखांचे दर जास्त मिसळतात, एवढाच फरक असतो.

दोन वर्षांचा शून्य-कूपन रोखा बाजारात सहज मिळत नाही. मग दोन वर्षांचा स्पॉट रेट आणायचा कुठून?

आपल्याकडे २०१० पासून सरकारी रोख्यांचे स्ट्रिप्स, म्हणजे कूपन आणि मुद्दल सुटं करून शून्य-कूपन तुकडे, करता येतात, पण त्यांत व्यवहार तुरळक. म्हणून कूपनवाल्या रोख्यांतूनच एकेक तारखेचा भाव सोलून काढावा लागतो. याला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. सुरुवात टी-बिलांपासून करा, कारण त्यांना कूपन नसतं.

सहा महिन्यांची बिल ९७.३० ला मिळते. म्हणजे सहा महिन्यांनी मिळणाऱ्या एका रुपयाचा आजचा भाव ०.९७३०. हाच डिस्काउंट फॅक्टर. वर्षाची बिल ९४.५० ला, म्हणून दुसरा फॅक्टर ०.९४५०. (बिला १८२ आणि ३६४ दिवसांच्या असतात. इथे मी त्यांना नेमकं अर्धं वर्ष आणि वर्ष धरलं आहे.)

आता दीड वर्षाचा ७ टक्क्यांचा रोखा घ्या, भाव १०१.६०. दर सहामाहीला ३.५० आणि शेवटी १०३.५० मिळतात. पहिल्या दोन कूपनांचा भाव आपल्याला आधीच माहीत आहे: ३.५० × (०.९७३० + ०.९४५०) = ६.७१३. तो वजा केला की उरतात ९४.८८७, आणि ही शेवटच्या १०३.५० ची आजची किंमत. भागाकार केला की तिसरा फॅक्टर ०.९१६८.

पुढे दोन वर्षांचा ६.५० टक्क्यांचा रोखा, भाव १००.९०. तीनही जुने फॅक्टर वापरून कूपनांचे ९.२१३ वजा करा, उरलेल्या ९१.६८७ ला १०३.२५ ने भागा, चौथा फॅक्टर ०.८८८०.

फॅक्टरवरून दर काढणं आता सोपं. चौथ्याचा व्यस्त घेऊन चौथं मूळ काढलं की सहामाहीला ३.०१४ टक्के येतात. त्याची दुप्पट म्हणजे ६.०३. चारही स्पॉट रेट असे: ५.५५, ५.७४, ५.८८, ६.०३. दोन वर्षांच्या रोख्याचा वायटीएम ६.०२ होता, तो ६.०३ च्या किंचित खाली का आहे, हे वरच्या उत्तराशी ताडून बघा.

प्रत्येक पायरी आधीच्या पायऱ्यांवर उभी आहे. म्हणून मी शीटमध्ये दराचे नव्हे, फॅक्टरचे रकाने ठेवतो आणि मधे कुठेही दशांश तोडून आकडे गोल करत नाही.

टी-बिलच्या लिलावात ९४.५० भावाला ५.८४ टक्के यील्ड छापून येतं. तुम्ही वर्षाचा दर ५.७४ म्हणता. चूक कोणाची?

कोणाचीच नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. बिलचं यील्ड साधं व्याज असतं: ५.५० भागिले ९४.५०, गुणिले ३६५ भागिले ३६४. रोख्यांचा दर सहामाही चक्रवाढीनं सांगतात. ३६४ दिवसांना पूर्ण वर्ष धरून दिवसांचा तो गुणाकार सोडला की ५.८२ टक्के उरतात, आणि तेच दोन हप्त्यांत वाढवले की ५.७४ होतात. ५.८४ आणि ५.७४ मधला दहा बेसिस पॉइंटचा, म्हणजे ०.१० टक्क्याचा, हा फरक खरा नफा नाही. पण छापील यील्ड तसंच शीटमध्ये टाकलं तर ते खऱ्यासारखं दिसतं आणि पुढचे सगळे फॅक्टर बिघडवतं. बिलचा भाव टाका, यील्ड नको.

फॉरवर्ड दराचं सूत्र पाठ आहे, पण अर्थ डोक्यात बसत नाही. सोपं करून सांगाल?

क्रिकेटची सरासरी आठवा. तीन डावांत सरासरी ५.८८ होती, चौथ्या डावानंतर ६.०३ झाली. चौथ्या डावात किती केल्या? ४ × ६.०३ वजा ३ × ५.८८, म्हणजे २४.१२ वजा १७.६४, उत्तर ६.४८. स्पॉट रेट ही सरासरी, आणि फॉरवर्ड म्हणजे शेवटच्या डावातल्या धावा, म्हणजे फक्त त्या शेवटच्या सहामाहीचा दर.

नेमकं काढायचं तर लागोपाठच्या फॅक्टरांचा भागाकार करा: ०.९१६७८ भागिले ०.८८८०१, म्हणजे १.०३२४. सहामाहीला ३.२४ टक्के, वर्षाला ६.४८. क्रिकेटचं उत्तर इतकं जवळ येतं की तोंडी पडताळ्याला ते पुरेसं आहे. तीनही फॉरवर्ड: सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत ५.९३, वर्षापासून दीड वर्षापर्यंत ६.१६, दीडपासून दोनपर्यंत ६.४८.

व्यवहारात याचा अर्थ ब्रेक-इव्हन असा घ्यावा. एका गुंतवणूकदारानं दीड वर्षासाठी पैसे लावून नंतर ते सहा महिन्यांसाठी पुन्हा गुंतवले, दुसऱ्यानं थेट दोन वर्षांसाठी लावले. दीड वर्षानंतर सहामाही दर ६.४८ च्या वर असला तर पहिला पुढे, खाली असला तर दुसरा पुढे.

माझे स्पॉट रेट छान गुळगुळीत येतात, पण फॉरवर्डचा आलेख करवतीसारखा वरखाली होतो. सूत्र तर दहादा तपासलं.

सूत्र सोडा, भाव तपासा. माझ्याच उदाहरणात दीड वर्षाच्या रोख्याचा भाव १०१.६० ऐवजी १०१.७० टाका. फक्त दहा पैसे. दीड वर्षाचा स्पॉट ५.८८ वरून ५.८० वर येतो, दोन वर्षांचा ६.०३ वरच राहतो. आलेखात किंचित खळगा दिसेल, डोळा तो माफ करेल. पण फॉरवर्ड बघा: ५.९३, ६.१६, ६.४८ ऐवजी ५.९३, ५.९४, ६.७१. एक सहामाही बावीस बेसिस पॉइंटनी खाली गेली आणि पुढची जवळपास तेवढीच वर आली.

सरासरीचंच गणित उलटं वाचलं की कारण कळतं. तीन डावांची सरासरी सात पॉइंटनी चुकली, तर तिसऱ्या डावाच्या धावा तिप्पट चुकतात आणि चौथ्या डावाला ती चूक उलट्या चिन्हानं फेडावी लागते. दहा वर्षांच्या टोकाला, विसाव्या सहामाहीत, एका पॉइंटची चूक वीसपट होते. म्हणून बूटस्ट्रॅप बरोबर आहे का, हे मी स्पॉट बघून ठरवत नाही. फॉरवर्डमध्ये शेजारी शेजारी एक खड्डा आणि एक उंचवटा दिसला, की त्या दोघांच्या मधल्या तारखेला संपणारा रोखा संशयित.

बहुतेक वेळा त्या रोख्यात कित्येक दिवस व्यवहारच झालेला नसतो आणि शीटमध्ये शिळा भाव पडलेला असतो. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे ब्रोकन पीरियडचं, मागच्या कूपनपासून साचलेलं व्याज. पडद्यावर हे व्याज वगळलेला क्लीन भाव असतो, आणि बूटस्ट्रॅपला खरेदीदार प्रत्यक्ष मोजतो तो डर्टी भाव लागतो. एका बँकेत नवा असताना मी हेच विसरलो होतो. ७ टक्क्यांच्या रोख्याला कूपन होऊन दोन महिने झाले होते. ३०/३६० च्या हिशेबानं व्याज १.१७ रुपये होतं. दहा पैशांनी एवढी करवत होते, तर एक रुपया सतरा पैशांनी काय झालं असेल! वरिष्ठांनी आलेख पाहिला आणि फक्त विचारलं, "क्लीन आहे का?"

अडीच वर्षांचा रोखा नाही, थेट तीन वर्षांचा आहे. मधली सहामाही कशी भरायची?

एक समीकरण आणि दोन अज्ञात, तेव्हा काहीतरी धरून चालावं लागणार. मी दोन्ही सहामाहींचा फॉरवर्ड सारखाच धरतो. तीन वर्षांचा ६.७५ टक्क्यांचा रोखा १०१.२० ला आहे असं समजा. पहिल्या चार कूपनांचे १२.५६ वजा केले की ८८.६४ उरतात. आता असा एक दर शोधायचा की पाचव्या आणि सहाव्या रकमेची आजची किंमत मिळून नेमकी तेवढीच भरेल. एक्सेलमधलं गोल सीक क्षणात सांगतं: वर्षाला ६.९५ टक्के.

त्याऐवजी स्पॉट रेट सरळ रेषेनं जोडला तर मधल्या तारखेला फॉरवर्ड विनाकारण उडी मारतो. तुमचे रोखे कूपनच्या तारखांना बसत नसतील, आणि खऱ्या बाजारात ते बसत नाहीतच, तर हा प्रश्न प्रत्येक पायरीला येईल. म्हणूनच रोख्यांच्या व्यवहारांची क्लिअरिंग संस्था सीसीआयएल शून्य-कूपन वक्र काढताना एकेक रोखा सोलत बसत नाही. ते नेल्सन-सीगल घराण्यातला एक गुळगुळीत वक्र सगळ्या भावांना मिळून बसवतात. त्यात एका शिळ्या भावाची करवत होत नाही, पण बदल्यात कुठल्याच रोख्याचा भाव तंतोतंत परत मिळत नाही. ट्रेडिंगला बूटस्ट्रॅप आणि मूल्यांकनाला गुळगुळीत वक्र, अशी माझी वाटणी आहे. सगळे ती मान्य करत नाहीत.

६.४८ म्हणजे दीड वर्षानं रिझर्व्ह बँक दर वाढवणार, असं बाजार म्हणतोय का?

तसं धरू नका. जास्त मुदत पैसे अडकवण्याचा मोबदला, म्हणजे मुदतीचा प्रीमियमही त्या आकड्यात असतो. शिवाय बँकांना एसएलआरसाठी, म्हणजे ठेवींचा ठरावीक हिस्सा अशा रोख्यांत ठेवण्याच्या सक्तीसाठी, आणि विमा कंपन्यांना देण्यांशी मुदत जुळवण्यासाठी रोखे लागतात, आणि त्या मागणीनं भाव वाकतात. अपेक्षा किती आणि प्रीमियम किती, हे रोख्यांच्या भावांतून सुटं करता येत नाही. धोरणाचा अंदाजच हवा असेल तर डीलर आधी मायबोर या एका रात्रीच्या आंतरबँक दरावरच्या ओआयएस, म्हणजे व्याजदर अदलाबदलीच्या, दरांकडे बघतात. प्रीमियम तिथंही असतोच, पण एसएलआरच्या मागणीचा गोंधळ नसतो.