ऑफर लेटर सोपं करताना आधी पगाराचा आकडा सोडवा

शिरोलीच्या कारखान्याचं लेटर तुझ्याकडे आलंय ना, त्यात आधी पगार सोडव. 'वार्षिक सीटीसी 3,00,000' एवढंच वाचून पोरगं महिना पंचवीस हजार धरून बसतं आणि पहिल्या पगाराला भांडण होतं. खरं तर 25,000 मध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 धरलेला असतो. उरले 23,200. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 21,200. फेब्रुवारीत कर 300, म्हणून तेव्हा शंभर कमी. हे सरळ लिही: "दरमहा खात्यात 21,200 रुपये जमा होतील, फेब्रुवारीत 21,100."

रुजू होण्याची तारीख एका ओळीत: "1 तारखेला सकाळी 9 वाजता गेटवर या. 7 तारखेपर्यंत आला नाहीत, तर ही ऑफर रद्द."

अटींत मात्र हात जपून चालव. 'कंपनीच्या विवेकाधिकारानुसार प्रोबेशन वाढविता येईल' याचं "सहा महिन्यांनी कायम करू" असं गोड रूपांतर केलंस, तर तो शब्द दिल्यासारखा होतो. "काम पाहून कंपनी प्रोबेशन वाढवू शकते" असंच लिही. नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का, तेही बघ. नसेल तर दोन वेगळी वाक्यं कर. सही होण्याआधी मसुदा वकिलांना दाखव.